तीन खासदार पडले, पंधरा आमदार राहिले: नाशिकच्या २०२४ च्या दोन निकालांचा हिशेब

प्रश्न: मे २०२४ च्या मतदानात नाशिक जिल्ह्यातले तिन्ही विद्यमान खासदार पडले. सगळे म्हणाले, सत्ताविरोधी लाट आहे. सहाच महिन्यांनी पंधराच्या पंधरा आमदार पुन्हा निवडून आले. मतदार तेच, कांदा तोच. मग लोक सरकारचं काम बघून मत देतात असं म्हणायचं की नाही?

उत्तर:

म्हणायचं. मतदारानं दोन्ही वेळा मागे वळूनच पाहिलं, पण दोन्ही वेळा त्याच्यापुढे हिशेबाची वही वेगळी होती. 'विद्यमान' हा शब्द वापरताना आपण तीन गोष्टी एका पोत्यात भरतो: उभा असलेला माणूस, त्याचा पक्ष आणि तो पक्ष जिथे सत्तेवर आहे ते सरकार. मेमध्ये दिल्लीच्या सरकारचा हिशेब चालू होता आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या सरकारचा. शिवाय आमदार हा माणूस मतदाराला जितका जवळून दिसतो तितका खासदार दिसत नाही. हे तीन धागे सुटे केले की विसंगती बरीचशी विरते. पण 'लाट होती' किंवा 'कांद्यानं पाडलं' असं एका वाक्यात उत्तर देण्याची घाई केली तर आकडे साथ देत नाहीत. म्हणून आधी आकड्यांकडे जाऊ.

दिंडोरीपासून सुरुवात करू, कारण कांद्याचा निकाल म्हणून सगळे याच जागेकडे बोट दाखवतात. २०१९ मध्ये भाजपच्या भारती पवार यांना ५,६७,४७० मतं होती, राष्ट्रवादीच्या धनराज महाले यांना ३,६८,६९१. २०२४ मध्ये पवार केंद्रात आरोग्य राज्यमंत्री असताना उभ्या राहिल्या आणि त्यांना ४,६४,१४० मतं पडली. शरद पवार गटाचे भास्कर भगरे ५,७७,३३९ मतं घेऊन निवडून आले. म्हणजे १,९८,७७९ मतांनी जिंकलेली जागा १,१३,१९९ मतांनी गेली. एकूण फरक तीन लाख बारा हजारांचा. हा आकडा ऐकला की वाटतं, तीन लाख शेतकरी फिरले.

तसं झालेलं नाही. एका माणसानं इकडचं मत तिकडे टाकलं की इकडे एक कमी होतं आणि तिकडे एक वाढतं, म्हणून मताधिक्यात दोनचा फरक पडतो. त्यामुळे मताधिक्य बाजूला ठेवून दोन्ही बाजूंची मतं वेगवेगळी मोजायची. भारती पवारांची मतं कमी झाली १ लाख ३ हजारांनी. समोरच्या बाजूची वाढली २ लाख ८ हजारांनी. वाढ ही घटीच्या दुप्पट आहे, मग वरची लाखभर मतं कुठून आली? त्याचं उत्तर २०१९ च्या यादीतल्या तिसऱ्या नावात आहे. माकपचे जे. पी. गावित यांना तेव्हा १,०९,५७० मतं होती, मुख्यतः सुरगाणा, कळवण, दिंडोरी या आदिवासी पट्ट्यातली. २०२४ ला माकप आघाडीसोबत होता आणि त्याचा वेगळा उमेदवार मैदानात नव्हता. ही मतं पूर्णपणे भगरेंकडे गेली असं धरलं, तर समोरच्या बाजूची खरी वाढ उरते ९९ हजारांची. आता दोन्ही बाजू जुळतात: साधारण एक लाख मतं इकडून तिकडे गेली. पवारांच्या जुन्या मतांचा हा जवळपास १८ टक्के वाटा आहे. पाच-सहा मतदारांमागे एक.

हा हिशेब तीन ठिकाणी अपुरा आहे आणि ते लक्षात ठेवून वापरायचा. एक म्हणजे कुठल्याही पक्षाची मतं शंभर टक्के मित्रपक्षाकडे जात नाहीत, त्यामुळे १ लाख ९ हजार ही आघाडीच्या गणिताची कमाल मर्यादा समजायची. दुसरं, पाच वर्षांत यादीत नवे मतदार येतात, जुने जातात, म्हणून 'तीच माणसं फिरली' हे बेरजेवरून सिद्ध होत नाही. तिसरं दिंडोरीपुरतंच: भगरे आडनावाच्याच एका अपक्षाला तुतारी हे चिन्ह मिळालं होतं, आणि शरद पवार गटाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. त्या अपक्षाला लाखाहून जास्त मतं पडली. त्यातली किती चुकून पडली हे मोजता येत नाही, पण मतदाराच्या मनातला निकाल कागदावरच्या निकालापेक्षा कडक होता एवढं म्हणायला जागा आहे.

तरीही या हिशेबाचा उपयोग मोठा आहे. मताधिक्यातल्या फरकाचा एक तृतीयांशापर्यंतचा भाग हा सरकारच्या कामावरचा निवाडाच नसू शकतो, ती उमेदवारांच्या संख्येची वजाबाकी असू शकते. कामगिरीवरचं मत मोजायला बसताना सगळ्यात आधी हा भाग काढून ठेवावा लागतो. बहुतेक विश्लेषणं इथेच चुकतात, कारण ती मताधिक्याकडे बघतात.

उरलेल्या दोन जागांवर तर 'पडले' या शब्दाचा अर्थच वेगळा निघतो. नाशिकमध्ये हेमंत गोडसे दोनदा निवडून आलेले होते आणि धनुष्यबाण हे चिन्हही त्यांच्याकडेच राहिलं होतं. पण २०१९ ची त्यांची मतं अखंड शिवसेनेची होती, आणि २०२४ ला समोर राजाभाऊ वाजे ठाकरेंच्या शिवसेनेचेच होते. म्हणजे तुलनेचा पायाच फुटलेला. गोडसेंची उमेदवारी मतदानाला जेमतेम तीन आठवडे उरले तेव्हा जाहीर झाली, आणि वाजेंच्या मागे त्यांचा सिन्नर तालुका एकवटला. निकाल १ लाख ६२ हजारांचा. याच सिन्नरनं नोव्हेंबरमध्ये महायुतीच्या माणिकराव कोकाटेंना निवडून दिलं. सहा महिन्यांत तालुक्याचं सरकारांविषयीचं मत उलटंपालटं झालं असं मानण्यापेक्षा, मेमध्ये सिन्नरनं आपल्या माणसाला मत दिलं हे मानणं जास्त सरळ आहे.

धुळ्यात मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण हे आपले तीन विधानसभा मतदारसंघ येतात. तिथे भाजपचे सुभाष भामरे ३,८३१ मतांनी पडले. एकट्या मालेगाव मध्यमध्ये जिंकलेल्या काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना जवळपास १ लाख ९४ हजारांचं मताधिक्य होतं, म्हणजे उरलेल्या पाच मतदारसंघांची बेरीज भामरेंच्या बाजूनं तितकीच झुकलेली होती. अशा निकालात 'कांद्यानं पाडलं' हेही खरं ठरतं आणि 'मालेगावनं पाडलं' हेही, कारण चार हजारांच्या फरकात प्रत्येक कारण पुरेसं असतं. निकाल जितका निसटता, तितकं त्यातून एकच कारण उचलणं चुकीचं.

आता कांदा. इथे मतदारानं मागे बघून मत दिलं हे मी ठामपणे म्हणेन, पण त्याला निव्वळ भाव जबाबदार नव्हता. भाव पडणं शेतकऱ्याला नवीन नाही. लासलगावच्या लिलावात तो दर हंगामात पडतो. फरक पडला तो भाव कुणी पाडला हे स्पष्ट दिसल्यामुळे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आलं. ७ डिसेंबरला थेट निर्यातबंदी झाली. ती ३१ मार्चपर्यंत होती, पुढे वाढवली, आणि ४ मे २०२४ ला उठवली, तीही ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क कायम ठेवून. नाशिक-दिंडोरीचं मतदान होतं २० मे रोजी.

डिसेंबरची तारीख महत्त्वाची आहे. त्या वेळी बाजारात लाल कांदा येतो आणि लाल कांदा चाळीत टिकत नाही. उन्हाळ कांदा चार-सहा महिने ठेवून भावाची वाट बघता येते, लाल कांदा काढला की विकावाच लागतो. म्हणजे बंदी अशा वेळी आली की शेतकऱ्याच्या हातात थांबण्याचा पर्यायच नव्हता. आदेश एका सरकारचा, तारीख ठरलेली, परिणाम दुसऱ्या दिवशीच्या लिलावात दिसणारा. एप्रिलअखेर गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली तेव्हा 'आमच्या मालाला बंदी आणि त्यांच्या मालाला वाट' ही भावना त्यात मिसळली. पिंपळगाव बसवंतला १५ मे च्या पंतप्रधानांच्या सभेत 'कांद्यावर बोला' अशी हाक उठली. ती मुख्यमंत्र्यांच्या सभेत उठण्यापेक्षा पंतप्रधानांच्या सभेत उठली, यात सगळं आलं. कुणाला जाब विचारायचा हे मतदाराला माहीत होतं.

मागे पाहून मतदान व्हायला चार कड्या जुळाव्या लागतात. परिणाम जाणवला पाहिजे, तो कुणामुळे झाला हे कळलं पाहिजे, तो माणूस किंवा त्याचा पक्ष मतपत्रिकेवर असला पाहिजे, आणि समोर पर्याय असला पाहिजे. दिंडोरीत मेमध्ये चारही कड्या जुळल्या. त्याउलट नाशिक शहरात रस्त्यांवरच्या खड्ड्यांचं उदाहरण घ्या. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. २०२४ च्या दोन्ही निवडणुकांत खड्डा जाणवत होता, पण नगरसेवक अस्तित्वात नव्हता आणि आयुक्त मतपत्रिकेवर नसतो. दुसरी आणि तिसरी कडी तुटली. अशी नाराजी नाहीशी होत नाही, पण ती कुणावर जाऊन पडेल याचा नेम राहत नाही, आणि मतांच्या आकड्यांत ती शोधायला गेलं तर सापडत नाही.

सहा महिन्यांत काय बदललं ते आता पाहू. १३ सप्टेंबर २०२४ ला केंद्रानं किमान निर्यातमूल्य काढलं आणि शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आणलं. शरद ऋतूत भाव बरेच चढले. म्हणून पुष्कळ जण म्हणतात, भाव वाढला आणि राग गेला. हे तपासायची योग्य रीत वेगळी आहे. बाजार समितीचा सरासरी भाव ही शेतकऱ्याची कमाई नव्हे. ज्या महिन्यात भाव चढा असतो त्या महिन्यात माल कमी असतो, म्हणूनच तो चढा असतो. तेव्हा दर महिन्याची आवक आणि त्या महिन्याचा सर्वसाधारण भाव यांचा गुणाकार करून सगळ्या हंगामाची बेरीज घ्यायची आणि ती एकूण आवकेनं भागायची.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याकडे १०० क्विंटल उन्हाळ कांदा निघाला. देणी फेडायला त्यानं मेमध्येच ७० क्विंटल १,५०० रुपयांनी विकला, १० क्विंटल चाळीत सडला आणि उरलेला २० क्विंटल ऑक्टोबरला ४,००० रुपयांनी गेला. एकूण आले १ लाख ८५ हजार, म्हणजे काढलेल्या प्रत्येक क्विंटलमागे १,८५०. वर्तमानपत्रात त्या दिवशी भाव ४,००० छापून आलेला असतो. ज्याची चाळ मोठी आणि देणं कमी, त्याला चढ्या भावाचा फायदा झाला. बाकीच्यांना तो फक्त वाचायला मिळाला. त्यामुळे चढ्या भावानं काही शेतकऱ्यांचा राग नक्कीच निवला असेल, पण सगळ्या तालुक्याचा निवला असं भावाच्या तक्त्यावरून म्हणता येणार नाही.

मात्र मतदार स्वतः हा गुणाकार करत नाही, आणि इथे अभ्यास मदतीला येतात. अँड्र्यू हीली आणि गेब्रियल लेन्झ यांनी अमेरिकी मतदारांवर दाखवलं की लोकांना सगळ्या कारकिर्दीचाच हिशेब करायचा असतो, पण सगळी कारकीर्द आठवणं जड जातं म्हणून ते शेवटच्या वर्षावर मत ठरवतात. संपूर्ण काळाचा आकडा हातात दिला की ही ओढ कमी होते. भारताविषयी शॉन कोल, हीली आणि एरिक वर्कर यांनी पावसाच्या नोंदी आणि विधानसभांचे निकाल जोडून पाहिले. पाऊस बिघडला की सत्ताधारी आघाडीची मतं घटतात, जरी पाऊस सरकारच्या हातात नसला तरी. सरकारनं जोरात मदत केली तर ही घट काहीशी भरून निघते, पूर्ण नाही. म्हणजे मतदार नशिबाची शिक्षा सरकारला देतो हेही खरं आणि प्रतिसाद बघतो हेही खरं.

नोव्हेंबरच्या प्रतिसादात सगळ्यात ठळक होती लाडकी बहीण योजना. २८ जून २०२४ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात ती जाहीर झाली आणि लगेच वयोमर्यादा ६० वरून ६५ केली गेली: २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत कुटुंबाचं उत्पन्न असलेल्या महिलेला महिन्याला १,५०० रुपये. पहिले दोन हप्ते ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या सुमारास एकत्र आले आणि नोव्हेंबरचा हप्ता आचारसंहितेआधीच खात्यात पडला. जुलैपासून पात्र ठरलेल्या महिलेकडे मतदानापूर्वी ७,५०० रुपये आलेले होते. वरच्या चार कड्या इथे पुन्हा लावून बघा. परिणाम मोबाइलवर संदेश येऊन कळतो, देणारा कोण हे योजनेच्या नावातच 'मुख्यमंत्री' म्हणून लिहिलेलं असतं, तो मतपत्रिकेवर आहे, आणि विरोधक त्याहून जास्तीचं आश्वासन देत असले तरी ते पुढचं आहे, हातातलं नाही. त्याच अर्थसंकल्पात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज होती. कांद्याचा आदेश दिल्लीचा, वीज आणि हप्ता मुंबईचा. शेतकऱ्याच्या एकाच घरात दोन वेगळी खाती उघडली गेली.

आमदाराचं स्वतःचं खातं तिसरं. खासदाराला स्थानिक विकासनिधी वर्षाला ५ कोटी मिळतो आणि राज्यात आमदारालाही ५ कोटी. खासदाराचे ५ कोटी सहा विधानसभा मतदारसंघांत वाटले जातात, आमदाराचे एकाच. गावातला सभामंडप, शिवारातला रस्ता, तहसीलमधलं अडलेलं काम, दशक्रियेला हजेरी, ही सगळी आमदाराच्या नावावर जमा होतात. खासदाराकडे तेवढा पैसा पातळ होऊन येतो आणि दिल्लीच्या निर्णयाचा राग मात्र दाट. माझ्या मते, खासदार पडणं आणि आमदार टिकणं यामागे लोकांची लहर कमी आणि ही रचना जास्त आहे.

तरीही 'पंधरापैकी पंधरा' यावरून विद्यमान असण्याचा फायदा सिद्ध होतो असं मी म्हणणार नाही, आणि हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. पंधरा निकाल म्हणजे पंधरा वेगळे पुरावे नाहीत. त्यातले चौदा आमदार महायुतीच्या बाजूला होते: राष्ट्रवादीचे सात, भाजपचे पाच, शिवसेनेचे दोन. राज्यभर महायुतीला अनुकूल वारं असताना ते चौदा एकाच वाऱ्यानं तरले. त्यांच्या जागी नवे उमेदवार दिले असते तरी जागा आल्या असत्या का, हे या निकालातून कळत नाही. इगतपुरीचे हिरामण खोसकर तर २०१९ ला काँग्रेसचे होते आणि २०२४ ला अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे. माणूस विद्यमान, पक्ष नवा. त्यांचा विजय कुठल्या रकान्यात लिहायचा? माणसाच्या रकान्यात लिहिला तर फायदा दिसतो. २०१९ ला तिथे जिंकलेल्या काँग्रेसच्या दृष्टीनं बघितलं तर तीच जागा हातची गेली. कुठलाही आकडा ऐकताना आधी विचारावं की हा माणसाचा आहे की पक्षाचा.

वाऱ्याबाहेरचा एकच निकाल होता, मालेगाव मध्य. तिथे एमआयएमचे विद्यमान आमदार मुफ्ती मोहम्मद इस्माईल १६२ मतांनी वाचले. आणि विद्यमान असण्याचा खरा परिणाम मोजायचा रस्ता अशाच निकालांतून जातो.

रस्ता असा. जो उमेदवार पन्नास हजारांनी जिंकतो तो मुळातच लोकप्रिय असतो. पुढच्या वेळी तो पुन्हा जिंकला तर ते पदामुळे की लोकप्रियतेमुळे हे सांगता येत नाही. पण जिथे पहिल्या दोघांत एक-दोन टक्क्यांचंच अंतर होतं, तिथे दोघं जवळपास सारखेच होते. दीडशे मतं इकडची तिकडे झाली असती तर आमदार दुसराच असता. अशा निसटत्या जागा शेकड्यांनी गोळा करायच्या. मग पुढच्या निवडणुकीत थोडक्यात जिंकलेले किती जण निवडून आले आणि थोडक्यात हरलेले किती जण आले हे बघायचं. सुरुवातीला दोघं सारखे, मधल्या पाच वर्षांत फरक फक्त पदाचा. म्हणून निकालातला फरकही पदाचा.

डेव्हिड ली यांनी याच रीतीनं अमेरिकी प्रतिनिधिगृहासाठी दाखवलं की थोडक्यात जिंकलेल्या पक्षाला पुढच्या वेळी मोठा फायदा मिळतो. भारतात चित्र उलटं निघालं. ली लिंडन यांनी लोकसभेसाठी आणि योगेश उप्पल यांनी विधानसभांसाठी मोजलं, तेव्हा १९९१ नंतर पद हे ओझंच ठरत असल्याचं दिसलं: थोडक्यात जिंकलेल्याची पुढच्या वेळची शक्यता थोडक्यात हरलेल्यापेक्षा कमी. त्यामुळे नाशिकच्या पंधरापैकी पंधराला नियम समजू नका.

या रीतीतही एक खड्डा आहे आणि आपल्याकडे तो खोल आहे. थोडक्यात हरलेल्याला पुढच्या वेळी तिकीट मिळेलच असं नाही; तो पक्ष बदलतो किंवा घरी बसतो. फक्त पुन्हा उभे राहिलेलेच मोजले तर दोन्ही बाजूंचे निवडक लोक उरतात आणि तुलना बिघडते. म्हणून न उभा राहिलेला माणूसही 'निवडून आला नाही' असाच मोजायचा. शिवसेना २०२२ मध्ये आणि राष्ट्रवादी २०२३ मध्ये फुटल्यावर महाराष्ट्रात पक्षाच्या नावानं २०१९ ते २०२४ चा सांधा जोडूच नये. माणसाच्या नावानं किंवा आघाडीच्या बेरजेनं जोडावा.

हे घरबसल्या तपासायचं असेल तर लागणारा कागद एकच: नमुना २०, म्हणजे अंतिम निकालपत्रक. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते असतं आणि शेवटी टपाली मतांची वेगळी ओळ असते. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. लोकसभेचा नमुना विधानसभा मतदारसंघनिहाय असतो, म्हणून निफाडचा मे आणि निफाडचा नोव्हेंबर शेजारी ठेवता येतो. केंद्र क्रमांकावरून मात्र जोडू नका. दोन निवडणुकांच्या मध्ये केंद्रांची फेररचना होते, १४२ नंबरचं केंद्र पुढच्या वेळी दुसऱ्याच गावात असू शकतं. केंद्रांच्या यादीवरून गावाचं नाव लावायचं, गावातल्या सगळ्या केंद्रांची बेरीज करायची आणि मग गावाला गाव जोडायचं. कच्ची मतं न घेता वैध मतांची टक्केवारी घ्यायची, कारण यादीही बदलते आणि मतदानही. लोकसभेला राज्यात सुमारे ६१ टक्के मतदान होतं, विधानसभेला ६६. प्रत्येक पानाची बेरीज तळाच्या बेरजेशी ताडून बघा. पानं पुष्कळदा स्कॅन केलेली असतात आणि ३ चा ८ व्हायला वेळ लागत नाही.

मग गावांचे दोन गट पाडायचे: पेऱ्यात कांदा मोठा असलेली आणि कांदा जवळजवळ नसलेली, उदाहरणार्थ द्राक्षांची किंवा भाताची. पुन्हा कल्पित आकडे: कांद्याच्या गावांत सत्ताधाऱ्यांची मतं ४८ वरून ३६ टक्क्यांवर आली आणि बिगरकांद्याच्या गावांत ४७ वरून ४१ वर. पहिल्या गटात घट १२, दुसऱ्यात ६. सहा टक्क्यांची घट सगळीकडचीच होती. कांद्याच्या खात्यावर फक्त उरलेले सहा लिहायचे, बारा नाही. दोन्ही गटांतली गावं जात, आरक्षण आणि उमेदवाराचं मूळ गाव या बाबतीत शक्य तितकी सारखी घ्यावीत, नाहीतर वाजेंच्या सिन्नरचा परिणाम कांद्याच्या नावावर जमा होईल. आणि गावाच्या आकड्यावरून माणसाचं मत काढू नये. एखाद्या गावात महिलांचं मतदानही वाढलं आणि महायुतीची मतंही वाढली, एवढ्यावरून त्या महिलांनीच महायुतीला मत दिलं हे ठरत नाही.

महिलांचं मत जाणायला सर्वेक्षणच लागतं, आणि त्यात प्रश्नांचा क्रम सांभाळावा लागतो. 'कुणाला मत दिलं' हे आधी विचारलं की माणूस पुढची सगळी उत्तरं त्या मताला साजेशी देतो. आधी 'गेल्या वर्षी घरची परिस्थिती कशी होती', मग 'याला जबाबदार कोण: केंद्र, राज्य, बाजार समितीतले व्यापारी की पाऊस', आणि शेवटी मत. निकाल लागल्यानंतर विचारलं तर जिंकलेल्याला मत दिल्याचं सांगणारे खऱ्यापेक्षा जास्त निघतात, म्हणून मतदान आणि मतमोजणी यांच्या मधल्या दिवसांत विचारावं. २०२४ च्या विधानसभेला हे दिवस फक्त दोन होते.

राहिला तुमच्या प्रश्नातला कांदा. नोव्हेंबरच्या निकालात कांद्याचा चढलेला भाव किती आणि १,५०० रुपये किती, हे एकट्या नाशिकवरून सुटं करता येत नाही, कारण दोन्ही त्याच तीन महिन्यांत आले. त्यासाठी जिथे कांद्याचं राजकारण नाही असा जिल्हा शेजारी ठेवावा लागतो. कोल्हापूर घ्या. मेमध्ये कोल्हापूर लोकसभेची जागा काँग्रेसच्या शाहू छत्रपतींनी विद्यमान खासदाराला हरवून जिंकली. नोव्हेंबरमध्ये त्या जिल्ह्यातल्या दहा जागांपैकी एकही महाविकास आघाडीला मिळाली नाही. तिथे लासलगाव नाही, निर्यातशुल्क कुणाच्या जेवणाच्या गप्पांत नाही, आणि पारडं फिरलं ते नाशिकसारखंच. म्हणून मेच्या दिंडोरीत कांदा मोठ्या अक्षरांत लिहावा, नोव्हेंबरच्या नाशिकमध्ये लहान.